पाळणा लांबवायचा तर किती, आणि मोजायचं कुठून?

"ताई, मी ३३ वर्षांची आहे, नाशिकला राहते. सप्टेंबरमध्ये मुलगी झाली, पायाळू होती म्हणून सिझर करावं लागलं. आता ती आठ महिन्यांची आहे. सासूबाई म्हणतात, हातासरशी दुसरंही होऊन जाऊ दे, दोघं एकत्र वाढतील, तुझंही वय वाढतंय. मी सध्या बिनपगारी रजेवर आहे, मलाही वाटतं की दोन्ही बाळंतपणं एकाच ब्रेकमध्ये उरकतील. नवरा म्हणतो दोन वर्षांचं अंतर हवंच, पण म्हणजे आता लवकरच लागायला पाहिजे. टाके कधीच भरलेत, काही दुखत नाही. डिलिव्हरीनंतर हिमोग्लोबिन ९ च्या आसपास होतं, लोहाच्या गोळ्या दोन महिने घेतल्या, मग पोट साफ होईना म्हणून सोडल्या. अंगावर पाजते, त्यामुळे पाळी अजून आली नाही, म्हणून आम्ही काही वापरत नाही. दुसरं बाळंतपण नॉर्मल व्हावं अशी फार इच्छा आहे. आत्ता चान्स घेतला तर चालेल का?"

अगं, बाकी सगळं बोलू, पण आधी एक काम कर. आज मेडिकलमधून प्रेग्नन्सी टेस्टची एक पट्टी आण आणि उद्या सकाळच्या पहिल्या लघवीवर करून बघ. पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती "पाळी आली नाही म्हणून काही वापरत नाही" या ओळीची, कारण चान्स घ्यायचा का हे तू आता विचारतेयस पण चान्स तर तुम्ही घेताच आहात.

अंगावर पाजत असताना दिवस जात नाहीत हे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगतात आणि ते पूर्ण खोटं नाही, पण त्याला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी लागू असाव्या लागतात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, ते फक्त अंगावरच्या दुधावर हवं म्हणजे वरचं दूध नाही, पाणी नाही, खिमट नाही आणि रात्रीही पाजणं चालू हवं, आणि पाळी आलेली नसावी. तुझी लेक आठ महिन्यांची आहे, म्हणजे वरणभात, नाचणीची पेज असं काहीतरी सुरू झालंच असेल. तिनातल्या दोन अटी केव्हाच गळाल्या. आणि पाळीची वाट बघत बसणं यात एक मोठी गफलत आहे, पाळी येते ती बीज बाहेर पडून गेल्यावर साधारण दोन आठवड्यांनी, म्हणजे बाळंतपणानंतरचं पहिलं बीज पाळीच्या आधीच सुटलेलं असू शकतं. त्या वेळी संबंध आले तर पाळी न येताच दिवस जातात. माझ्याकडे अकरा महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन एक मुलगी आली होती, पोटात गॅस फिरतो म्हणून. तपासलं तर साडेचार महिने झालेले. तिला एकदाही पाळी आली नव्हती त्यामुळे चुकली असं वाटायचा प्रश्नच नव्हता.

टेस्ट निगेटिव्ह आली तरी तेवढ्यावर निश्चिंत होऊ नकोस, गेल्या दोन-तीन आठवड्यांत संबंध आले असतील तर इतक्या लवकर पट्टीवर दिसत नाही. आजपासून निरोध वापरा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा कर. तेव्हाही निगेटिव्ह असेल तर मग पुढचं सगळं प्लॅनिंग खरं. पॉझिटिव्ह आली तर काय, तेही शेवटाकडे सांगते, घाबरू नकोस.

आता तुमचं दोन वर्षांचं गणित. तुझ्या मिस्टरांचं म्हणणं चुकीचं नाही, पण ते मोजतायत दोन मुलांच्या वयातलं अंतर. डॉक्टर मंडळी जे अंतर सांगतात ते पहिल्या बाळंतपणापासून दुसऱ्यांदा दिवस जाईपर्यंतचं असतं, दुसरं बाळ जन्माला येईपर्यंतचं नाही. हा नऊ महिन्यांचा फरक आहे आणि जवळपास प्रत्येक घरात याच ठिकाणी गोंधळ होतो. मुलांच्या वाढदिवसांत बरोब्बर दोन वर्षं असतील तर आईच्या शरीराला मिळालेली सुट्टी पंधरा महिन्यांचीच असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये तज्ज्ञ बसवून या विषयावर जी शिफारस केली ती अशी की बाळंतपणानंतर पुढचा चान्स घेण्याआधी किमान २४ महिने थांबावं, म्हणजे दोन मुलांत पावणेतीन वर्षं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते सहा महिन्यांच्या आत नकोच, आणि दीड वर्षाच्या आत जायचं असेल तर धोके नीट समजून घेऊन जा.

म्हणजे एक म्हणतं दोन वर्षं, दुसरं म्हणतं दीड, मग खरं काय? तर यातली कुठलीच तारीख लक्ष्मणरेषा नाही. धोका उतारासारखा कमी होत जातो. पहिल्या सहा महिन्यांत दिवस गेले तर बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं होण्याची शक्यता सगळ्यात जास्त, वर्षाला ती बरीच खाली आलेली असते, दीड वर्षाच्या पुढे फार फरक पडत नाही, आणि साधारण पाच वर्षांच्या पुढे ती पुन्हा थोडी वर जायला लागते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सुमारे दीड लाख गरोदरपणांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये एक अभ्यास आला, त्यात तुझ्या वयोगटात सहा महिन्यांच्या अंतराने राहिलेल्यांमध्ये शंभरात साधारण पाच जणी आपोआप वेळेआधी बाळंत झाल्या, दीड वर्षाच्या अंतराने साधारण तीन. म्हणजे पाठोपाठ राहिलं की सगळं बिघडतंच असं अजिबात नाही, बहुतेक बाळं ठणठणीत होतात. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, पाठोपाठ राहणाऱ्या बायकांमध्ये कमी खायला मिळणाऱ्या, दवाखान्यापर्यंत न पोचणाऱ्या, ठरवून नाही तर चुकून राहिलेल्या बायका जास्त असतात, त्यामुळे सगळा दोष अंतराचाच का परिस्थितीचाही, यावर संशोधकांमध्ये वाद आहे. एकाच आईच्या दोन गरोदरपणांची तुलना केली की बाळावरचा परिणाम आधी वाटला होता त्यापेक्षा कमी निघतो असंही दिसलंय.

म्हणून मी तुला नुसत्या सरासरीवर थांब म्हणत नाही. तुझ्या पत्रात दोन गोष्टी आहेत ज्या सरासरीपेक्षा वेगळ्या आहेत, एक सिझर आणि दुसरं ते ९ हिमोग्लोबिन. तुझं उत्तर या दोघांतून निघतं.

टाके भरलेत म्हणतेस ते पोटावरचे. कातडी आठ-दहा दिवसांत जुळते. आत गर्भाशयाच्या भिंतीला, तिच्या जाड स्नायूला जो काप दिलेला असतो तो भरायला महिने लागतात, एमआरआय करून बघितलेल्या अभ्यासांमध्ये त्या जागेची ठेवण पूर्ववत दिसायला निदान सहा महिने लागलेले आहेत, आणि दिसायला पूर्ववत झाली म्हणजे ताकद पूर्ण आली असं नाही. त्या भिंतीची खरी परीक्षा चान्स घेताना होत नाही, ती पुढच्या वेळी शेवटच्या महिन्यात होते जेव्हा गर्भाशयाचा खालचा भाग ताणून ताणून पातळ होतो, आणि सगळ्यात जास्त कळांच्या वेळी.

मी एक दृश्य कधी विसरत नाही. पहिलं सिझर होऊन पंधरा महिन्यांत दुसऱ्यांदा बाळंतपणाला आलेली एक बाई, दोन तास कळा सुरू होत्या, मग टाक्याच्या जागी दुखायला लागलं म्हणून घाईने ऑपरेशनला घेतली. पोट उघडलं तर गर्भाशयाच्या खालच्या भागात स्नायू असा उरलाच नव्हता, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा नुसता पडदा, आणि त्याच्या आत पाण्यात हलणारं बाळाचं जावळ मला बाहेरून दिसत होतं. आई-बाळ दोघं सुखरूप राहिली. अशी खिडकी अंतर चांगलं असूनही कधीकधी सापडते, पण तिथे आम्ही वेळेत पोचलो म्हणून ते निभावलं एवढं मला पक्कं माहिती आहे.

तुला नॉर्मल हवंय म्हणून हे जास्त महत्त्वाचं. एका सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या सगळ्या बायकांचा विचार केला तर जुना टाका उसवण्याचा धोका शंभरात एकीपेक्षा कमी असतो. दोन बाळंतपणांमधलं अंतर दीड वर्षाच्या आत असेल तर तो दोन ते तीन पट होतो. आता इथे बघ हं, नाहीतर पुन्हा गोंधळ होईल, हे अंतर बाळंतपण ते बाळंतपण असं मोजलेलं आहे. आज मे महिना. आत्ता दिवस गेले तर पुढच्या फेब्रुवारीत तारीख येईल, तेव्हा लेक सतरा महिन्यांची असेल. म्हणजे तू त्या जास्त धोक्याच्या गटात जाशील आणि बहुतेक डॉक्टर नॉर्मलसाठी थांबायलाच तयार होणार नाहीत, सरळ सिझरची तारीख देतील, आणि मी असते तर मीही तेच केलं असतं. म्हणजे घाई केलीस तर जे तुला मनापासून हवंय तेच आधी हातातून जाईल.

तुझी एक जमेची बाजू आहे, तुझं पहिलं सिझर बाळ पायाळू होतं म्हणून झालं. ते कारण दर वेळी येतं असं नाही. कटीची हाडं अरुंद, कळा येऊनही बाळ खाली सरकलं नाही अशा कारणाने झालं असतं तर पुढच्या नॉर्मलची आशा कमी असते, तुझी चांगली आहे. डिस्चार्ज कार्ड शोधून ठेव, गर्भाशयावरचा काप खालच्या बाजूला आडवा दिला होता का हे ऑपरेशनच्या नोंदीत असतं आणि पुढच्या डॉक्टरला तेच सगळ्यात आधी बघायचं असतं. बाहेरचा टाका आडवा म्हणजे आतला आडवाच असं समजू नकोस. आणि नॉर्मलचा प्रयत्न करशील ते हॉस्पिटल असं हवं जिथे रात्री दोन वाजतासुद्धा ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त मिळतं. घराजवळचं, ओळखीचं, पण रात्री डॉक्टर घरून येणार असं ठिकाण यासाठी चालणार नाही.

आता रक्ताकडे वळू, कारण सिझरच्या टाक्याला निदान सगळे घाबरतात, हिमोग्लोबिनला कोणी घाबरत नाही. एका गरोदरपणात आईच्या शरीरातून साधारण एक ग्रॅम लोह खर्ची पडतं, बाळाला, वारेला, वाढलेल्या रक्ताला आणि बाळंतपणात जाणाऱ्या रक्ताला मिळून. आणि आपल्या भाजी-भाकरी-वरणाच्या जेवणातून रोज अंगाला लागतं ते मिलीग्राम-दोन मिलीग्राम, त्यातलंही मिलीग्रामभर रोजच्या झिजेतच जातं. एक ग्रॅम म्हणजे हजार मिलीग्राम. तूच हिशोब कर, नुसत्या जेवणावर ही भरपाई व्हायला वर्षाच्या वर सहज लागेल, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू खाऊनसुद्धा. लाडू खाच, पण गोळीची जागा ते घेत नाहीत. तू तर ९ वरून सुरुवात केलीस, म्हणजे तुझं कपाट आधीच रिकामं होतं. फोलेट या जीवनसत्त्वाचंही असंच, गरोदरपणाच्या उत्तरार्धात साठा उतरतो आणि बाळंतपणानंतर काही महिने खालीच राहतो. या रिकाम्या साठ्यावर दुसरं बाळ वाढायला लागलं की ते कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं होऊ शकतं, आणि आईला बाळंतपणात थोडा रक्तस्राव जास्त झाला तरी झेपत नाही. जिचं हिमोग्लोबिन १२ आहे तिचं जेवढं रक्त गेलं तरी ती दुसऱ्या दिवशी उठून बसते, तेवढंच गेल्यावर ८ वालीला रक्त चढवायला लागतं, हे वॉर्डात रोज दिसतं.

उद्या-परवा सीबीसी आणि फेरिटिन करून घे. हिमोग्लोबिन म्हणजे हातातले पैसे आणि फेरिटिन म्हणजे बँकेतले, असं मी पेशंटना सांगते. सरकारी लाल गोळीत ६० मिलीग्राम लोह असतं, बाळंतपणानंतर ती रोज एक अशी १८० दिवस घ्यायची असते, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर दिवसाला दोन. तू साठ दिवसांवर थांबलीस. पोट साफ होत नाही ही तक्रार खरी आहे, त्यात तुझा नाजूकपणा नाही, पण त्याला उपाय आहेत. रात्री जेवण झाल्यावर घेऊन बघ, दिवसाआड घेऊन चालेल का किंवा दुसऱ्या प्रकारची लोहाची गोळी मिळेल का हे डॉक्टरांना विचार, पाणी वाढव. शौचाला काळं होतं ते गोळीमुळेच, त्याची काळजी नको. गोळीच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर कधीच नको, एक सकाळी एक रात्री असं कर. बऱ्याच जणी दोन्ही एकाच घोटात घेतात आणि मग गोळ्या घेऊनही वाढत नाही म्हणतात.

गोळी लागू पडतेय का ते महिन्याने कळतं, हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने वर यायला हवं. आलं नाही आणि गोळ्या खरंच नेमाने घेतल्या असतील तर बी-१२ बघायला पाहिजे, शाकाहारी घरांमध्ये ते बऱ्याचदा कमी असतं, आणि थॅलेसेमिया मायनर किंवा सिकलसेल आहे का याची एकदाच करायची रक्ताची टेस्ट, ती निघाली तर नवऱ्याचीही करावी लागते कारण मग प्रश्न पुढच्या बाळाचाही असतो. गोळ्या झेपतच नसतील तर शिरेतून लोह देता येतं, दवाखान्यात एक-दोन फेऱ्यांत काम होतं. आणि १२ ला पोचलीस की गोळी बंद करायची नाही, पुढे तीन महिने चालू ठेवायची, तेव्हा बँकेत शिल्लक पडते. म्हणजे बघ, आज सुरू केलंस तर ऑगस्टच्या आसपास हिमोग्लोबिन जागेवर येईल, दिवाळीपर्यंत साठा भरेल.

आणि म्हणूनच तुझ्यासाठी माझी तारीख आहे पुढचा मार्च. लेक तेव्हा दीड वर्षाची होईल. मार्चमध्ये प्रयत्न सुरू करा, त्याच्या आधी जानेवारीपासून फोलिक अ‍ॅसिड सुरू कर. लगेच राहिलं तर डिसेंबरमध्ये बाळंतपण, लेक सव्वादोन वर्षांची आणि दोन बाळंतपणांत सत्तावीस महिने, नॉर्मलसाठी डॉक्टरांना बोलायला तोंड राहील असं अंतर. आणि लगेच नाही राहिलं, सहा महिने लागले, तर आपोआप तू २४ महिन्यांवर पोचलीस. दर वेळी पहिल्याच महिन्यात राहतं असं नसतं ना, म्हणून मी २४ महिने झाल्यावर प्रयत्न सुरू कर असं तुला सांगत नाही, दीड वर्षावर सुरुवात कर म्हणजे प्रत्यक्षात दीड ते दोनच्या मध्ये कुठेतरी पडेल. वयाची भीती घालतायत त्यांना सांग, मार्चमध्ये मी चौतिशीत असेन. पस्तिशीला काही दार बंद होत नाही, बीजांचा दर्जा आणि संख्या हळूहळू उतरत जाते, आणि दहा महिन्यांत जेवढा फरक पडेल त्यापेक्षा भरलेला टाका आणि भरलेलं रक्त याचा फायदा तुला कितीतरी जास्त आहे.

तोवर वापरायचं काय? अंतरा इंजेक्शन चांगलं आहे पण तुझ्यासाठी नको, त्याचा परिणाम गेल्यावर पुन्हा दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने सहज लागतात, म्हणजे मार्चचं सगळं गणित कोलमडेल. तांबी काढली की लगेच राहू शकतं आणि सिझरनंतरही बसवता येते, पण तिने पाळीत रक्त जास्त जातं आणि तुझं तर आधीच कमी आहे. मग राहतं निरोध, तोही दर वेळी वापरायची दोघांची तयारी असेल तर, नाहीतर छाया गोळी. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आशाताईंकडेही मिळते, त्यात हार्मोन नाही, दुधावर परिणाम होत नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा. हिच्यावर पाळी लांबते आणि कमी जाते, तुझ्या बाबतीत ते फायद्याचंच, पण लांबली की टेस्ट करून बघायची एवढं लक्षात ठेव. पीसीओडी, नुकतीच झालेली कावीळ असं काही असेल तर ती चालत नाही, म्हणून विचारून घे.

नोकरीचं जे लिहिलंस, एकाच ब्रेकमध्ये दोन्ही, ते ऐकायला सोयीचं वाटतं पण पगारी रजेच्या कायद्यात एक अट आहे. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, पण अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस त्या ठिकाणी काम केलेलं असावं लागतं. तू बिनपगारी घरी बसून फेब्रुवारीत दुसऱ्यांदा बाळंत झालीस तर ते ८० दिवस कुठून आणणार? जुलै-ऑगस्टमध्ये परत रुजू झालीस आणि पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये बाळंतपण आलं तर सहा महिन्यांचा पगार हक्काचा. एचआरला एकदा लेखी विचारून घे.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांच्या काळी त्यांनी पाठोपाठ केली असतील, निभावली असतील, घरात चार हात असतील, आणि बहुतेक त्यांचं सिझर झालेलं नव्हतं. त्यांना तत्त्व सांगत बसण्यापेक्षा रक्ताचा रिपोर्ट हातात दे आणि सांग, आई, डॉक्टरांनी हे १२ वर न्यायला सांगितलंय, तोवर नको म्हणाल्या. आकडा आणि डॉक्टर म्हटलं की बोलणं थांबतं, मी बघितलंय. मिस्टरांना मात्र दवाखान्यात बरोबर ने, टाक्याचं आणि पंधरा महिन्यांचं त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे, तू घरी येऊन सांगितलंस तर ते तुझं मत होतं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं, कारण सगळ्यांची पत्रं अशीच येतात पण सगळ्यांचं उत्तर मार्च नाही. जी आत्ताच ३७-३८ ची आहे तिला मी दीड वर्षाचा हट्ट धरत नाही, वर्षभराने सुरुवात करायला हरकत नाही, पण सहा महिन्यांच्या आत नको, कारण त्याच कॅनडाच्या अभ्यासात पस्तिशीपुढच्या बायकांमध्ये एवढ्या कमी अंतराने स्वतः आईलाच गंभीर त्रास होण्याचं प्रमाण वाढलेलं होतं. जिचं नॉर्मल झालंय, हिमोग्लोबिन उत्तम आहे, तिला पंधरा महिन्यांनी राहिलं तर मी काही डोक्याला हात लावत नाही. जिचा गर्भपात झालाय तिचं गणित पूर्ण वेगळं. जुनी शिफारस सहा महिने थांबा अशी होती, पण नंतरच्या मोठ्या अभ्यासांत त्याआधी राहिलेल्यांचं काही वाईट झालेलं दिसलं नाही, उलट बरंच चांगलं गेलं, त्यामुळे एक-दोन पाळ्या नीट आल्या आणि मन तयार असेल तर बहुतेक वेळा चालतं. फक्त द्राक्षगर्भ झाला असेल तर नाही, तिथे रक्तातलं हार्मोन पूर्ण उतरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबायलाच लागतं. आणि पाच-सहा वर्षांनी दुसरं करणाऱ्यांनी मागच्या वेळी बीपी वाढलं नव्हतं म्हणून गाफील राहू नये, एवढ्या अंतरानंतर तो धोका पुन्हा वाढतो.

आता उरला उद्याच्या पट्टीचा प्रश्न. दोन रेघा आल्या तर आठवड्याच्या आत सोनोग्राफी करून घे, सिझर झालेलीचा गर्भ जुन्या टाक्याच्या जागी तर रुजला नाही ना हे सुरुवातीलाच बघायचं असतं. ठेवायचं ठरवलंत तर फोलिक अ‍ॅसिड त्याच दिवशी सुरू, रक्ताचे रिपोर्ट लगेच, लोहाचा डोस डॉक्टरांना ठरवू दे, हिमोग्लोबिन दर महिन्याला, आणि पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार कुठे चिकटलीय ते मुद्दाम विचार. लेकीला अंगावर पाजणं लगेच तोडायची गरज नसते, त्रास नसेल तर चालतं, मात्र तुझं खाणं तेवढं वाढायला हवं. नाही ठेवायचं ठरलं तर तोही निर्णय तुझा आहे आणि कायदा तुला तो देतो, फक्त मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घरी घेऊ नकोस, पोटावर सिझर आहे आणि हिमोग्लोबिन कमी आहे, तुझ्यासाठी ते धोक्याचं.

एकच रेघ आली तर निरोध चालूच ठेवा, लगेच सीबीसी आणि फेरिटिन, आणि जूनच्या शेवटी दुसरा रिपोर्ट आला की दोन्ही आकडे मला लिहून पाठव.